नव्वद सेकंदांचा कागद

मी लिहिलेल्या पहिल्या टीझरला गुंतवणूकदारांकडून जी दाद मिळाली, ती एका शब्दाची होती. दोन मिनिटे पन्नास सेकंदांची ती चित्रफीत संपली, दिवे लागले आणि समोर बसलेल्या चौघांपैकी वयाने सर्वांत मोठे असलेले गृहस्थ मान हलवून म्हणाले, “समजलं.” त्यानंतर चहा झाला, चित्रपटांची हल्लीची परिस्थिती या विषयावर अर्धा तास गप्पा झाल्या आणि आम्ही लॅपटॉप मिटून बाहेर पडलो. दिग्दर्शक खूश होता. गोष्ट पोहोचली, असे त्याचे म्हणणे होते. मला मात्र जिना उतरतानाच कळून चुकले होते की गोष्ट पोहोचली हेच आपले चुकले. ज्याला सगळे समजले आहे, त्याला आता पटकथा मागवण्याचे काही कारण उरलेले नाही.

चित्रीकरणाचा एकही शॉट हातात नसताना जो टीझर गुंतवणूकदारांसाठी केला जातो, त्याला या धंद्यात ‘सिझल’ म्हणतात. तो प्रेक्षकांसाठी नसतो. चित्रपटगृहात लागणारा टीझर तयार चित्रपटातून वेचून काढतात; इथे वेचायला काहीच नसते. म्हणून सिझल आधी कागदावर लिहावा लागतो आणि मग इतर चित्रपटांतले तुकडे, स्थिरचित्रे, रेखाटने, आवाज आणि पडद्यावरची अक्षरे यांतून तो जोडावा लागतो. दुसऱ्यांच्या चित्रपटांतून उचललेल्या दृश्यांवर उभ्या राहिलेल्या अशा फितीला ‘रिपोमॅटिक’ असे थोडे उर्मट नाव आहे. या कामाची दुसरीही वाट आहे, ती म्हणजे टीझरपुरतेच चित्रीकरण करणे. अमेरिकी दिग्दर्शक कोएन बंधूंनी 1984 साली आलेल्या ‘ब्लड सिंपल’साठी हेच केले होते. चित्रपट अस्तित्वात येण्यापूर्वी त्यांनी त्याचा ट्रेलर चित्रित केला आणि तो दाखवत ते गुंतवणूकदारांच्या दारोदार फिरले. त्या ट्रेलरमध्ये ब्रूस कॅम्पबेल दिसतो. प्रत्यक्ष चित्रपटात ती भूमिका दुसऱ्याच नटाने केली. ज्यांना दोन दिवसांचा कॅमेरा आणि चार माणसे मिळवता येतात, त्यांनी खुशाल या वाटेने जावे. आमच्याकडे तेवढेही नव्हते आणि मला वाटते, बहुतेकांकडे नसतेच. मग उरतो तो कागद.

आमची गोष्ट एका निवृत्त टंकलेखिकेची होती. न्यायालयात साक्षी टंकलिखित करण्यात तिची सारी नोकरी गेली. तीस वर्षांपूर्वीच्या एका खटल्यात साक्षीदार म्हणाला होता, “तो तिथे नव्हता.” कागदावर उमटले, “तो तिथे होता.” आरोपीला जन्मठेप झाली. आता तो सुटून बाहेर आला आहे आणि त्या साक्षीची मूळ प्रत शोधतो आहे. चित्रपटाचे तात्पुरते नाव ‘प्रत’ असे होते.

पहिल्या टीझरमध्ये मी हे सगळे सांगितले होते. बाईंचे तारुण्य, खटला, ती चूक, आरोपीचे घर उद्ध्वस्त होणे, सुटका, शोध आणि शेवटी समोरासमोर येणे. वरून एक निवेदनही होते, ज्याची सुरुवात “कधी कधी एक शब्द…” अशी होती. ते वाक्य आज आठवले तरी कानाची पाळी गरम होते. पटकथेचा सारांश लिहायची सवय झालेला माणूस टीझर लिहायला बसला की त्याच्याकडून असेच होते. सारांशात घटना क्रमाने येतात आणि प्रत्येक घटना आधीचीला उत्तर देते. टीझरला असे उत्तर देत गेले तर नव्वद सेकंदांत चित्रपट संपतो आणि गुंतवणूकदार न पाहिलेल्या चित्रपटाला पाहिलेला समजून मोकळा होतो.

दुसऱ्या वेळी मी पटकथा बाजूला ठेवली आणि एका कोऱ्या पानावर एकच गोष्ट लिहिली: फीत संपल्यावर समोरच्या माणसाने कोणता प्रश्न विचारावा? यावर माझे आठ दिवस गेले. माझ्या मते सिझलचे खरे लेखन एवढेच असते. बाकीचे कारागिरीत मोडते. “पुढे काय होते?” हा प्रश्न पुरेसा नव्हता, कारण तो कुठल्याही गोष्टीला विचारता येतो आणि “सूड घेतो की क्षमा करतो?” हा तर प्रेक्षकाने हजार वेळा विचारून झालेला. शेवटी जो प्रश्न सापडला तो असा: ती चूक होती का? म्हणजे बाईंच्या हातून तो ‘नव्हता’चा ‘होता’ अनवधानाने झाला, की त्यांनी तो केला? पटकथेत याचे उत्तर एकसष्टाव्या पानावर होते आणि ते चांगले होते, याची मला खात्री होती. ही खात्री हवीच. टीझरने उभा केलेला प्रश्न पटकथेत विरून जात असेल, तर पटकथा वाचणारा गुंतवणूकदार फसवणूक झाल्यासारखा चिडतो आणि त्याचे चिडणे बरोबरच असते.

प्रश्न ठरल्यावर मी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज, आणि समासात सेकंद. जाहिरातीच्या क्षेत्रात अशी दुरकानी संहिता रोजची असते. कथाचित्रपटाचे लेखक तिला उगाच बिचकतात. मी उजवा रकाना आधी भरला. सिझलसाठी हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे जी चित्रे आहेत ती सगळी उसनी आहेत, पण आवाज मात्र पूर्णपणे आपला असू शकतो. एक बरी खोली, एक मायक्रोफोन आणि जुने टंकलेखन यंत्र एवढ्यावर जो आवाज मिळतो, तो तयार चित्रपटातल्या आवाजापेक्षा तसूभरही कमी नसतो. 2012 साली आलेल्या ‘लूपर’साठी दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी इतर चित्रपटांच्या तुकड्यांतून अशीच फीत जोडली होती आणि तिच्यावर आवाज दिला होता जोसेफ गॉर्डन-लेविट यांनी, जे पुढे त्या चित्रपटात नायक झाले. चित्रे परक्यांची आणि आवाज घरचा. एवढ्यानेही ती फीत कोणाची आहे हे ठरते.

तर आमचा उजवा रकाना असा सुरू झाला: पहिले आठ सेकंद पडदा काळा, आणि फक्त टंकलेखन यंत्राचा आवाज. एकसारखा, सरावलेल्या हाताचा, ओळ संपल्यावर वाजणाऱ्या घंटीसकट. त्यामागे दूर कुठेतरी पुरुषांचे बोलणे, शब्द कळू नयेत इतके पुसट. आठव्या सेकंदाला चित्र येते. हात, कळा, कागद सरकवणारी दांडी, मग लांब ओसाड मार्गिका, फायलींनी भरलेले घोडे. विसाव्या सेकंदाला एक आवाज स्पष्ट होतो: “तो तिथे नव्हता.” यंत्र थांबते. एक पूर्ण श्वास जाईल एवढी शांतता. मग काही कळा वाजतात, मोजून, एकेक. पडद्यावर पांढऱ्या कागदाचा क्लोजअप आणि त्यावर टंकलिखित अक्षरे: तो तिथे होता. हे चार सेकंद ठेवायचे, संगीताविना.

ती चार सेकंदांची शांतता कागदावर लिहून ठेवली नसती, तर संकलनात ती टिकली नसती, हे मी अनुभवाने सांगतो. संकलक चांगला असला तरी सिझलच्या बाबतीत प्रत्येकाच्या मनात एक भीती असते की समोरचा कंटाळेल. मग मोकळ्या जागा भरल्या जातात, खालून ढोल चढतात. आमच्या संकलकाने पहिल्या कच्च्या प्रतीत तिथे संगीताचा एक उसासा घातलाच होता. कागदावर ‘संगीत नाही’ असे स्पष्ट लिहिलेले दाखवून तो काढून घेता आला.

त्यापुढची चाळीस सेकंदे मला आता तितकीशी महत्त्वाची वाटत नाहीत. ‘तीस वर्षांनंतर’ ही अक्षरे, तुरुंगाच्या दारातून पाठमोरा बाहेर पडणारा माणूस, खिडकीशी बसलेली वृद्ध बाई, पुन्हा त्याच फायली, आणि टंकलेखनाचा आवाज क्रमाने वेग घेत जाणारा. ही चढण प्रत्येक टीझरमध्ये असते आणि ती कशी बांधायची हे कोणताही संकलक जाणतो. पण पंचाहत्तराव्या सेकंदाला तो आवाज एकदम तुटतो, पडदा काळा होतो आणि त्या अंधारात एक वयस्क स्त्री, अगदी सहज, जणू बाजारातला हिशेब सांगावा तशी म्हणते: “मी बरोबर ऐकलं होतं.” मग शीर्षक. मग काही नाही.

एवढ्या नव्वद सेकंदांत बोललेले शब्द सात होते. एक साक्षीदाराचे वाक्य आणि एक बाईंचे. निवेदन नावाची गोष्ट मी पूर्ण काढून टाकली. निवेदनाला माझा तात्त्विक विरोध नाही, पण चित्रे उसनी असतात तेव्हा निवेदन हळूहळू त्यांची क्षमा मागू लागते. जे दिसत नाही ते सांगण्याचा मोह होतो आणि फीत पाहणारा पाहायचे सोडून ऐकू लागतो.

आता डावा रकाना. उसन्या चित्रांचा पहिला धोका चेहऱ्यांचा आहे. पहिल्या टीझरमध्ये आम्ही एका फार मोठ्या अभिनेत्रीचा एका जुन्या चित्रपटातला क्लोजअप वापरला होता, कारण तिच्या डोळ्यांत नेमके हवे ते होते. त्या बैठकीत चहाच्या वेळी एकाने विचारले, “बाई तयार झाल्या का?” आम्ही ‘नाही, हे केवळ संदर्भासाठी’ असे म्हणालो आणि त्या क्षणी खोलीतली हवा निघून गेल्याचे जाणवले. ओळखीचा चेहरा एकतर खोटे आश्वासन ठरतो किंवा निराशा. त्याचा तिसरा उपयोग नाही. ज्या कलाकाराने होकार दिलेला नाही तो आपल्या चित्रपटात आहे असा समज करून देऊन पैसे घेणे हे तर सरळ अंगाशी येणारे प्रकरण आहे. म्हणून दुसऱ्या कागदावर मी ठरवूनच हात, पाठी, सावल्या, दारे आणि वस्तू लिहिल्या. संपूर्ण फितीत एकही ओळखू येणारा चेहरा नव्हता. गंमत अशी की त्यामुळे फीत अधिक एकसंध झाली, कारण चेहरा बदलला की चित्रपट बदलल्याचे डोळ्याला कळते, हात बदलले तर फारसे कळत नाही.

दुसरा धोका ऐपतीचा. महागड्या चित्रपटांतले शॉट देखणे असतात आणि सहज मिळतात, म्हणून सिझल लिहिणारा नकळत हवाई दृश्ये, हजारोंचा जमाव, पावसात न्हालेले सबंध शहर असे लिहून जातो. दाखवलेला चित्रपट आणि पुढच्या पानावर मागितलेली रक्कम यांचा मेळ बसत नाही, हे गुंतवणूकदाराला आकडेमोड न करताही जाणवते. रक्कम कमी असेल तर त्याला वाटते, यांना खर्चाची कल्पना नाही. मी प्रत्येक शॉटपुढे एक खूण करत गेलो: आपल्या अंदाजपत्रकात हा शॉट आपण घेऊ शकतो का? ज्याला नाही, तो शॉट कितीही सुंदर असला तरी बाद. आमच्या बत्तीस शॉटांपैकी अकरा या एका प्रश्नावर गळाले.

तांत्रिक बाजूचे एकच सांगतो. वेगवेगळ्या चित्रपटांच्या चौकटींच्या रुंदी-उंचीचे प्रमाण वेगळे असते, कोणी 2.39:1 मध्ये चित्रित केलेला असतो, कोणी 1.85:1 मध्ये. तसेच्या तसे जोडले तर पडद्यावरच्या काळ्या पट्ट्या दर दोन सेकंदांनी जाडबारीक होत राहतात आणि गोधडी उघडी पडते. म्हणून एकच चौकट ठरवून सर्व शॉट तिच्यात कापायचे, रंग एकाच फिकट छटेवर आणायचे आणि शक्य तिथे दोन परक्या शॉटांच्या मध्ये काळा पडदा किंवा कागदाचा क्लोजअप घालायचा, जो आपण स्वतः फोनवरही घेऊ शकतो. हे संकलकाचे काम खरे, पण काळे पडदे कुठे हे लेखकाने लिहून दिलेले बरे, कारण ते वाक्यातल्या स्वल्पविरामांसारखे असतात.

आणि हक्कांचे. दुसऱ्यांच्या दृश्यांवर आपला कसलाही अधिकार नाही, हे कागदाच्या पहिल्याच ओळीत मी लिहून ठेवले होते. अशी फीत बंद खोलीत किंवा पासवर्डच्या दुव्यावर, ठरावीक माणसांनाच दाखवतात आणि आरंभी ‘केवळ खासगी सादरीकरणासाठी’ अशी पाटी घालतात. त्या पाटीने कायदेशीर परवानगी मिळत नाही. फक्त आपला हेतू स्पष्ट होतो. ती फीत समाजमाध्यमांवर टाकणे किंवा तिच्या जोरावर लोकवर्गणी जाहीरपणे मागणे ही वेगळी गोष्ट झाली आणि ती करूच नये. लोकवर्गणीच करायची असेल तर एक शॉट असला तरी चालेल, पण तो स्वतःचा घ्यावा. संगीताचेही तसेच आहे; आमच्या फितीत ते जवळजवळ नव्हतेच, म्हणून तो प्रश्न आपोआप सुटला.

फीत तयार झाल्यावर मी ती अशा पाच जणांना दाखवली ज्यांनी पटकथा वाचली नव्हती, आणि त्यांना एकच सांगितले: आवडली की नाही ते बोलू नका, डोक्यात पहिला प्रश्न कोणता आला तेवढे सांगा. तिघांनी हवा तोच प्रश्न विचारला. चौथ्याने विचारले, “हा माणूस कोण?” म्हणजे तुरुंगाचे दार त्याला पुरेसे वाचता आले नव्हते, तो शॉट दीड सेकंदाने वाढवला. पाचवी माझी वकील मैत्रीण होती. ती म्हणाली, “अरे, बचावपक्षाचा वकील काय झोपला होता का?”

हा प्रश्न ऐकून मी दचकलो, कारण मला हवा होता तोही प्रश्नच होता आणि हाही प्रश्नच होता, पण दोन्हींच्या दिशा उलट होत्या. पहिला माणसाला गोष्टीच्या आत ओढतो, दुसरा बाहेर ढकलतो. तिला तो का सुचला ते शोधताना लक्षात आले की मधल्या भागात मी एक अक्षरपाटी ठेवली होती: ‘एकाच शब्दावर त्याला शिक्षा झाली’. नाट्य वाढावे म्हणून घातलेली ती ओळ पटकथेशी प्रामाणिक नव्हती. पटकथेत त्याच्याविरुद्ध आणखी बरेच काही होते, वकील खरोखरच सुमार होता आणि हा शब्द त्याला वाचवू शकणारा एकमेव धागा होता. पाटी काढली. पुन्हा दाखवली तेव्हा मैत्रिणीचा तो प्रश्न गेला. टीझरमध्ये जिथे आपण गोष्टीपेक्षा जोरात बोलतो, नेमके तिथे जाणकार माणूस बोट ठेवतो. आणि गुंतवणूकदारांत असा एक जाणकार असतोच, फक्त तो मैत्रिणीसारखा तोंडावर बोलत नाही.

दुसरी बैठक पहिलीनंतर सहा महिन्यांनी झाली. माणसे वेगळी होती, तिघेजण. कलाकार कोण, एकूण खर्च किती, परतावा कुठून येणार हे सगळे वेगळ्या छापील पत्रिकेत होते. फितीत त्यातले काही नव्हते आणि ते असूही नये. आम्ही दिवे मालवले. काळ्या पडद्यावर यंत्र वाजू लागले तेव्हा एकजण फोन पाहत होता. आठव्या सेकंदापर्यंत त्याने फोन ठेवला असे मी सांगितले तर ते कथालेखकाला शोभून दिसेल, पण तसे झाले नाही. “तो तिथे नव्हता” नंतर जेव्हा आवाज थांबला, तेव्हा त्याने मान वर केली. बहुधा त्याला वाटले, काहीतरी बिघडले.

फीत संपली. कोणी ‘समजलं’ म्हणाले नाही. फोनवाल्या गृहस्थांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि विचारले, “पण साक्ष झाल्यावर साक्षीदार वाचून सही करतो ना? त्याने वाचलं नाही?”

“त्याला वाचता येत नव्हतं,” दिग्दर्शक म्हणाला.

“मग वाचून दाखवली असेल कोणीतरी.”

“हो.”

“कोणी?”

दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिले. हेच ते एकसष्टावे पान होते. बाईंनीच त्याला साक्ष वाचून दाखवली होती. कागदावर ‘होता’ होते आणि त्यांनी वाचताना ‘नव्हता’ म्हटले होते. मी काही न बोलता पिशवीतून पटकथा काढली आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून नव्हे, मधूनच कुठूनतरी उघडून शोधायला सुरुवात केली.